दीड मिनिटात पाचशे रुपये कसे मागायचे

महाराष्ट्रातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांत एखादं रुग्णसाहित्य केंद्र असतं. एखाद्या मंदिराच्या मागची खोली, नाहीतर कुणा डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्याचा पुढचा भाग. आत वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, डोक्याकडून उचलता येणारी लोखंडी कॉट, एअरबेड असं सामान मांडलेलं असतं. थोडी अनामत ठेवायची, सामान न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. चालवणारे चार-सहा निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक. वर्षाचा खर्च भागतो तो ओळखीच्या माणसांच्या देणग्यांवर, आणि ओळखीची माणसं संपली की कुणीतरी म्हणतं, आपण एक व्हिडिओ करून व्हॉट्सअॅपवर टाकू या.

अशा व्हिडिओचा पहिला मसुदा बहुतेक वेळा सारखाच निघतो. सुरुवातीला बोधचिन्ह, मग स्थापनेचं साल, मग संस्थापकांच्या तसबिरीला हार, उद्घाटनाचा फोटो, आजवर किती रुग्णांना लाभ झाला तो आकडा, आणखी कोणकोणते उपक्रम चालतात त्यांची यादी. शेवटी ‘सढळ हस्ते मदत करा’ असं म्हणून बँकेचं खातं, शाखेचा कोड, क्यूआर, धनादेश कुणाच्या नावे काढायचा ते आणि तीन विश्वस्तांचे मोबाईल क्रमांक, सगळं एकाच पाटीवर. सहा मिनिटं लागतात. त्यातलं काहीच खोटं नसतं. पण ते वार्षिक सभेत वाचायचं निवेदन आहे. बसमध्ये उभ्या माणसाच्या हातातल्या फोनवर ते दहाव्या सेकंदाला बंद होतं.

आवाहनाच्या संहितेत तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही एकेकच लागतात: एका माणसाची हकीकत, एक मागणी, पैसे द्यायची एक वाट. तिथे दुसरी आली की पहिलीचा जोर कमी होतो, असा माझा ठाम अनुभव आहे.

एका हकीकतीबद्दलचा एक प्रयोग या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या अमेरिकी संशोधकांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. एका प्रश्नावलीचे पैसे म्हणून लोकांना पाच डॉलर सुट्ट्या नोटांत दिले आणि जाता जाता एका धर्मादाय संस्थेचं आवाहन हातात ठेवलं. काहींच्या कागदावर आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्या माणसांचे आकडे होते. काहींच्या कागदावर माली देशातली रोकिया नावाची सात वर्षांची एक मुलगी होती. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. खरी गंमत तिसऱ्या गटाची. त्यांना रोकियाही दाखवली आणि आकडेही. दोन्हींची बेरीज होऊन जास्त पैसे यायला हवेत असं वाटतं, पण त्यांनी दिले १.४३. प्रयोग परदेशातला आणि हातात पाचच डॉलर असलेल्यांवरचा, तेव्हा आपल्याकडे नेमकं हेच प्रमाण निघेल असं कुणी समजू नये. तरी ‘आजवर इतक्या हजार रुग्णांना लाभ’ ही ओळ संहितेतून काढायला सांगताना मला या तिसऱ्या गटाचा आधार वाटतो. विश्वस्तांना ती ओळ काढणं फार जड जातं.

आता एक नमुना पूर्ण करून पाहू. केंद्र काल्पनिक आहे, पण सामान आणि अडचण खरी. केंद्राला एअरबेड कमी पडताहेत. खुब्याचं हाड मोडून किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर सतत भार येतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कातडी आतून मरायला लागते. याच बेडसोअरच्या जखमा. सुरुवातीची खूण घरच्या माणसालाही ओळखता येते: कातडीवर लाल डाग दिसतो आणि बोटाने दाबून सोडला तरी फिका पडत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या अंगावर तो लालपेक्षा काळपट दिसतो, म्हणून हात लावूनही पाहावं लागतं, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते. एअरबेडचे कप्पे एका छोट्या विजेच्या पंपाने आलटूनपालटून फुगतात, त्यामुळे भार एकाच जागी राहत नाही. कूस बदलायचं काम मात्र त्याने संपत नाही आणि वीज गेली की त्याचा उपयोगही थांबतो. संहितेत या मर्यादेलाही जागा ठेवायची आहे.

हकीकत कुणाच्या तोंडून घ्यायची? मी रुग्णाला सोडून त्याची देखभाल करणाऱ्या पत्नीकडे जाईन. रुग्ण असहाय अवस्थेत असतो, त्याच्याकडे कॅमेरा वळवला की बघणाऱ्याच्या मनात दया येते, पण रात्री उठणाऱ्या आजींच्या जागी बघणारा स्वतःला ठेवू शकतो. शिवाय पैसे देऊन नेमकं काय बदलतं हे त्याच सांगू शकतात.

त्यांना लिहून दिलेली वाक्यं म्हणायला लावू नयेत. आधी जाऊन बसावं, चहा घ्यावा आणि ज्यांचं उत्तर प्रसंगात येईल असे प्रश्न विचारावेत. ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं की ‘फार वाईट वाटलं’ एवढंच येतं. ‘तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तुम्ही काय करत होतात?’ असं विचारलं की अंग पुसणं येतं, ओला टॉवेल येतो, डॉक्टरांचं वाक्य येतं. वीस मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून त्यातली पाच-सहा वाक्यं जशीच्या तशी उचलायची, आणि त्यांच्या मधल्या जागा निवेदकाच्या आवाजात भरायच्या.

तशी ही संहिता:

० ते १० सेकंद. रात्र. उशाशी ठेवलेला मोबाईल वाजतो, एक हात तो बंद करतो.
आजींचा आवाज: “दर दोन तासांनी मी गजर लावायची. रात्रीसुद्धा. यांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायला.”

१० ते ३२ सेकंद. सकाळ. आजी चादर सारखी करताहेत, पायांखाली उशी सरकवताहेत. रुग्णाचा चेहरा दिसत नाही.
आजी: “खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून हे पाठीवरच. एकदा अंग पुसताना पाहिलं, तर माकडहाडापाशी लाल झालेलं. दाबलं तरी लालच. डॉक्टर म्हणाले, आजी, ही जखमेची सुरुवात आहे.”

३२ ते ५० सेकंद. कॉटला अडकवलेला पंप, नळी, कप्पे वरखाली होताना.
निवेदक: “हा एअरबेड. याचे कप्पे आलटूनपालटून फुगतात, त्यामुळे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. आजींनी तो आमच्या रुग्णसाहित्य केंद्रातून नेला. त्याला भाडं नाही.”

५० ते ६२ सेकंद. आजी कॅमेऱ्यासमोर, खुर्चीत बसून.
आजी: “वळवावं लागतंच. पण तो डाग गेला. डॉक्टर म्हणाले, आता चार तासांनी वळवलं तरी चालेल. मला झोप मिळते.”

६२ ते ७६ सेकंद. केंद्रातलं रिकामं कपाट, नोंदवही उघडी.
निवेदक: “केंद्रात आता एकही एअरबेड शिल्लक नाही. पुढचं घर वाट पाहतंय. सहा जणांनी पाचशे-पाचशे रुपये दिले की एक एअरबेड येतो. त्या सहांतले एक तुम्ही व्हा.”

७६ ते ९० सेकंद. स्थिर पाटी: ५०० रुपये, यूपीआय आयडी, संस्थेचं पूर्ण नाव, मुदतीची तारीख.
निवेदक: “या आयडीवर पाचशे रुपये पाठवा. पाठवण्याआधी आमच्या संस्थेचं नाव दिसेल, ते तपासून घ्या. मुदत तीस नोव्हेंबर.”

बोलण्याचे शब्द एकशेवीसच्या आसपास आहेत. मराठी निवेदन घाई न करता वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, आणि आजी त्याहून सावकाश बोलतील. कागदावर दोनशे शब्द भरले तर एकतर निवेदक पळत सुटतो किंवा आजींची वाक्यं कापावी लागतात. म्हणून संहिता संपली की घड्याळ लावून मोठ्याने वाचायची, मनातल्या मनात वाचलेला वेळ नेहमी कमी भरतो.

संस्थेचं नाव पहिल्या तीस सेकंदांत कुठेच आलेलं नाही. विश्वस्तांच्या बैठकीत पहिला आक्षेप यालाच येणार हे धरून चालावं. पण आजींची अडचण कळल्याशिवाय केंद्राचं नाव बघणाऱ्याच्या लेखी एक पाटीच असते. एअरबेड दिसल्यावर ‘हा कुठून आला’ हा प्रश्न आपोआप पडतो आणि तेव्हा उत्तर म्हणून नाव येतं. ‘वळवावं लागतंच’ हे आजींचं वाक्य काढून टाकायचा मोहही होईल, कारण त्याने एअरबेडचं महत्त्व कमी झाल्यासारखं वाटतं. ते ठेवावं. ज्यांच्या घरी असं आजारपण झालंय त्यांना हे वाक्य ऐकूनच बाकीचं खरं वाटतं, आणि ज्यांच्या घरी सध्या रुग्ण आहे त्यांचा गैरसमज होत नाही. किती घरं वाट पाहताहेत तो आकडाही मुद्दाम दिलेला नाही. ‘पुढचं घर’ म्हटलं की एकच दार डोळ्यांपुढे येतं.

आता मागणीचा हिशेब. एअरबेड पंपासकट साधारण अडीच-तीन हजारांत मिळतो. आपण २,६०० धरू. त्याला सुई टोचून किंवा कॉटच्या कडेला घासून पंक्चर होतं, पंप बिघडतो, परत आल्यावर तो धुऊन निर्जंतुक करावा लागतो. त्यासाठी ४०० रुपये धरले की ३,००० होतात. दुरुस्तीचे पैसे लपवून फक्त खरेदीची किंमत सांगितली तर वर्षभरात केंद्रात पंक्चर झालेल्या एअरबेडची चळत लागते आणि देणगीदाराला काय सांगावं ते कळत नाही. दहा एअरबेड हवेत, म्हणजे ३०,००० रुपये, म्हणजे पाचशेप्रमाणे साठ माणसं. छोट्या संस्थेच्या ओळखीच्या गटांतून साठ माणसं मिळणं शक्य आहे. पाच लाखांचं लक्ष्य ठेवलं असतं तर पाचशेवाल्याला वाटलं असतं, आपल्या पाचशेनं काय होणार.

‘यथाशक्ती द्या’ असं का म्हणू नये? आपल्या संस्कारात ते सौजन्याचं आहे, आणि देवळातल्या पेटीपुढे ते शोभतंही. पण फोन हातात असलेल्या माणसाला त्यामुळे स्वतःशी एक वाद घालावा लागतो: शंभर कमी दिसतील का, हजार जास्त होतील का, बाकीच्यांनी किती दिले असतील. त्या वादात तो ‘नंतर बघू’ म्हणून फोन खाली ठेवतो. पाचशे सांगितले की उत्तर हो किंवा नाही एवढंच उरतं. कुणी दोन हजार पाठवले तर ते घ्यायचेच आहेत, फक्त व्हिडिओत त्याचा उल्लेख नको. एअरबेडसोबत ‘जुन्या व्हीलचेअरही स्वीकारतो’ आणि ‘स्वयंसेवकही हवेत’ हेही जोडू नये. ती कामं खरी असतात, त्यांचे निरोप वेगळ्या दिवशी जावेत.

सर्वात जास्त पैसे गळतात ते शेवटच्या पंधरा सेकंदांत. क्यूआर कोड आता चहाच्या टपरीवरही असतो, म्हणून व्हिडिओच्या शेवटी तोच टाकायचा असं सगळ्यांना वाटतं. पण व्हिडिओ ज्या फोनवर चालू आहे त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून तो यूपीआय अॅपमध्ये गॅलरीतून उघडता येतो हे खरं, पण साठीच्या पुढच्या किती जणांना हे जमेल याचा विचार व्हावा. तोच व्हिडिओ गणेशोत्सवाच्या मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवायचा असेल तर मात्र क्यूआरसारखी सोपी वाट नाही, कारण तिथे पडदा एक आणि फोन दुसरा. म्हणून शेवटची पाटी दोन प्रकारे करावी लागते. सभागृहासाठी क्यूआरची, फोनसाठी यूपीआय आयडीची. बघणाऱ्यासमोर मात्र वाट एकच.

आयडी लहान असावा, लक्षात राहील असा. बँकेने आपोआप दिलेला लांबलचक आकड्यांचा आयडी चौदा सेकंदांत कुणी उतरवून घेऊ शकत नाही. बँकेत किंवा अॅपमध्ये विचारून छोटा आयडी बहुधा घेता येतो. तो संस्थेच्या खात्याचाच हवा. खजिनदारांच्या खाजगी खात्यावर ‘तात्पुरते’ पैसे घेऊ नयेत, मग ते खजिनदार गावात कितीही विश्वासू असोत. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर येतं, आणि अनोळखी बघणाऱ्याला तपासून घेता येईल अशी तीच एक गोष्ट असते. शिवाय कुणी पाटीवरचा आयडी बदलून तोच व्हिडिओ पुढे ढकलला तर नावातला फरकच लबाडी उघडी पाडतो. म्हणून नाव तपासायला सांगणारं वाक्य पाच सेकंद खात असूनही राहू द्यायचं.

कर सवलतीचं काय, असा प्रश्न सनदी लेखापाल विश्वस्त विचारतीलच. आयकरातली ‘ऐंशी जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि हल्ली काही निवडलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते. ज्यांना सवलत हवी त्यांच्या नाव-पत्त्यासह पॅनची माहिती संस्थेला लागते, ती यूपीआयमधून येत नाही. तेव्हा पाचशे रुपयांच्या आवाहनात यासाठी आठ सेकंद घालवणं मला पटत नाही. व्हिडिओसोबतच्या मजकुरात ‘पावतीसाठी या क्रमांकावर कळवा’ एवढी ओळ पुरे. दुसरी एक ओळ मात्र पाटीवर बारीक अक्षरांत असावीच: देणगी फक्त भारतीय नागरिकांकडून. असे व्हिडिओ पुण्याहून न्यू जर्सीपर्यंत एका रात्रीत पोचतात. परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला परदेशी नागरिकाचे पैसे घेता येत नाहीत, आणि ओसीआय कार्ड असलेला आपला माणूसही त्या कायद्याने परदेशीच धरला जातो. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे त्यात मोडत नाहीत. हे सगळं व्हिडिओत सांगायचं नसतं, पण विचारणा आली की फोन उचलणाऱ्याला ते ठाऊक हवं.

आजींची संमती ही फक्त कागदावरच्या सहीची बाब समजू नये. तयार व्हिडिओ त्यांच्याच घरी जाऊन त्यांना आणि शक्य असेल तर आजोबांना दाखवावा, आणि नको म्हणाल्या तर तो वापरू नये. व्हॉट्सअॅपवर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही हेही त्यांना स्पष्ट सांगावं. वर्षा-दोन वर्षांनी आजोबा गेल्यावर तोच व्हिडिओ कुणीतरी त्यांच्या मुलाला पाठवेल, असंही घडू शकतं. म्हणून आजोबांचा चेहरा नाही, जखम नाही, गावाचं नाव आजींना चालत असेल तरच. आणि म्हणूनच पाटीवर मुदतीच्या तारखेसोबत वर्षही लिहायचं. वर्ष नसलेली आवाहनं पैसे जमल्यावरही फिरत राहतात.

व्हिडिओ पाठवण्याआधी एक चाचणी घ्यावी. संस्थेशी संबंध नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याला तो त्याच्याच फोनवर, आवाज बंद ठेवून, एकदाच दाखवायचा आणि मग तीन प्रश्न विचारायचे: अडचण कुणाची होती, किती मागितले, कुठे पाठवायचे. अनेकजण आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून बोललेलं प्रत्येक वाक्य खाली मोठ्या अक्षरांत हवं. शेजाऱ्याला पहिला प्रश्न जमला आणि तिसरा अडला तर आजींना हात लावायचा नाही, पाटी बदलायची.

पाठवल्यानंतर खात्याचं विवरणही बोलतं. बहुतेक रकमा पाचशेच्या असतील तर मागणी पोचली. शंभर, दोनशे एक, अकराशे अशा विखुरलेल्या असतील तर मागणी ऐकू आली नाही, हकीकत तेवढी आली. पैसे कमी आणि ‘कुठे पाठवायचे?’ असे फोन जास्त येत असतील तर वाट चुकली. हे दोन-तीन दिवसांतच दिसतं, आणि तेवढ्यात पाटी दुरुस्त करून नवी प्रत पाठवता येते.

तीस हजार जमले की त्याच गटांत तसं जाहीर करून आवाहन थांबवायचं. एअरबेडसाठी मागितलेले पैसे एअरबेडवरच खर्च करावे लागतात, तेव्हा त्यानंतरही पैसे येत राहिले तर त्यांतून अकरावा एअरबेड घ्यायचा, खोलीचं भाडं भरायचं नाही. खरेदी झाली की दहा एअरबेडच्या बिलाचा आणि केंद्राच्या नोंदवहीत चढवलेल्या दहा क्रमांकांचा फोटो पैसे देणाऱ्यांना पाठवावा. त्या निरोपात नवी मागणी घालू नये.